पीडीएफचे कोरे समास कापायचे, तर आधी रुंदी मोजा

प्रश्न: माझ्याकडे २१२ पानांचं एक मराठी पुस्तक पीडीएफमध्ये आहे. फोनवर अक्षर फार बारीक दिसतं, म्हणून एका अ‍ॅपमधून कडेची पांढरी जागा आपोआप कापून घेतली. आता काही पानं मोठी दिसतात, काही लहान. पानांचे आकडे गेले आणि एक-दोन ठिकाणी ओळीचं शेवटचं अक्षरही गेलंय. हे नीट कसं करायचं? संगणक आहे माझ्याकडे.

उत्तर:

संगणक आहे म्हटल्यावर हे काम व्यवस्थित होईल. पण कात्री लावण्याआधी एक हिशेब मांडू, कारण तुमच्या तिन्ही तक्रारी त्याच्याशी जोडलेल्या आहेत.

फोन उभा धरला की पानाची रुंदी पडद्याच्या रुंदीत बसवली जाते. अक्षर किती मोठं दिसणार हे फक्त त्यावर ठरतं, उंचीचा त्यात काही वाटा नाही. समजा, तुमचं पुस्तक ए-५ आकाराचं आहे, म्हणजे पान १४८ मिलिमीटर रुंद आणि २१० उंच. फोनचा पडदा साधारण ६८ मिलिमीटर रुंद आणि १५० उंच धरू. न कापलेलं पान या पडद्यावर मूळ आकाराच्या ४६ टक्के दिसतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर साडेपाच पॉइंटचं होऊन बसतं. देवनागरीत एवढ्या आकाराला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, 'ष' आणि 'प' वेगळे कळत नाहीत. आता याच पानावर मजकूर १०४ मिलिमीटर रुंद आहे असं धरा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर ठेवून बाकीचं कापलं, तर पान १०८ मिलिमीटरचं होतं. तेच अक्षर आता ६३ टक्के, म्हणजे साडेसात पॉइंटच्या थोडं वर दिसतं. छापील पुस्तकातल्या तळटिपा साधारण याच मापाच्या असतात. चष्म्याशिवाय नाही, पण चष्मा लावून आरामात वाचता येतात.

आता उंचीकडे बघा. वरची-खालची जागा अजिबात कापली नाही, तरी २१० मिलिमीटरचं पान ६३ टक्क्यांनी १३२ मिलिमीटर उंच होतं आणि १५० च्या पडद्यात अख्खं मावतं. वर-खाली कितीही कापा, अक्षर केसभरही वाढणार नाही. तुमच्या पानांचे आकडे ज्या कापण्यात गेले, त्या कापण्यातून तुम्हाला काहीच मिळालं नव्हतं. म्हणून माझी पद्धत अशी: उभ्या फोनसाठी कापताना डावी-उजवीकडे काटेकोर राहायचं आणि वरचा-खालचा समास जसा आहे तसा सोडून द्यायचा. आकडा राहतो, प्रकरणाचं नाव राहतं आणि पानाला थोडी हवाही राहते. (फोन आडवा धरून, पान सरकवत वाचणाऱ्याला मात्र वरखालचं कापून थोडं सरकवणं वाचतं. त्याचा हिशेब वेगळा.)

पानं लहान-मोठी का झाली, तेही आता कळेल. तुमच्या अ‍ॅपनं प्रत्येक पानाचा मजकूर स्वतंत्रपणे शोधला आणि त्याच्याभोवती चौकट आखली. भरल्या पानावर चौकट १०४ मिलिमीटरची झाली. कवितेच्या पानावर ओळी आखूड, तिथे चौकट ७० ची झाली आणि पडद्यावर अक्षर एकदम दीडपट झालं. प्रकरणाच्या पहिल्या पानावर नुसतं शीर्षक असेल तर बघायलाच नको. डोळा एका मापाला सरावतो आणि पान उलटलं की माप बदलतं, त्यानं वाचन दमवणारं होतं. उपाय एकच: सगळ्या पानांना एकच माप लावायचं.

पण सगळ्या पानांना अगदी तंतोतंत एकच चौकट लावली तरी थोडं नुकसान होतं, कारण पुस्तकाचं डावं पान आणि उजवं पान सारखं नसतं. बांधणीच्या बाजूचा समास जास्त असतो. तुमच्या पुस्तकात आतला समास २६ मिलिमीटर आणि बाहेरचा १८ आहे असं समजू. विषम पानावर २६ डावीकडे येतात, सम पानावर उजवीकडे. दोन्हींना चालेल अशी एक चौकट आखायची तर दोन्ही बाजूंनी १८ मधलेच कापता येतात आणि पान ११६ मिलिमीटरवर अडतं. सम आणि विषम पानांना आपापलं माप दिलं तर १०८ पर्यंत जाता येतं. आठ मिलिमीटर कमी वाटतात, पण अक्षरात हा फरक सात पॉइंट आणि साडेसात पॉइंट यांच्यातला आहे. या मापाला अर्धा पॉइंट डोळ्यांना नक्की जाणवतो.

हे सगळं एकत्र करणारं साधन म्हणजे `pdf-crop-margins`. फुकट आहे आणि संगणकावर पायथन असेल तर टर्मिनलमध्ये एका ओळीत बसतं:

```
pip install pdfCropMargins
```

मग तुमच्या पुस्तकासाठी आज्ञा अशी. मूळ फाइलचं नाव `mool.pdf` धरलंय, नवी फाइल `vachan.pdf` होईल:

```
pdf-crop-margins -e --pages 5-210 -p4 0 100 0 100 -a4 -6 0 -6 0 -o vachan.pdf mool.pdf
```

यातला `-e` म्हणजे सम पानांना एक माप, विषम पानांना दुसरं. `-p4` नंतरचे चार आकडे म्हणजे डावा, खालचा, उजवा आणि वरचा समास किती टक्के ठेवायचा. डावी-उजवीकडे शून्य, वर-खाली शंभर. क्रम लक्षात ठेवा, डावीकडून सुरू होऊन खाली, मग उजवीकडे, मग वर. शेवटचा `-a4` त्याच क्रमानं पॉइंटमध्ये कमी-जास्त करतो. वजा सहा म्हणजे सहा पॉइंट समास परत द्या. एका इंचात ७२ पॉइंट असतात, म्हणजे सहा पॉइंट हे दोन मिलिमीटरहून किंचित जास्त.

`--pages 5-210` बद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण अडतात ते इथेच. सगळ्या पानांना एक माप लावताना हे साधन सगळ्यात कमी समास असलेलं पान शोधतं, म्हणजे कुठल्याच पानावरचा मजकूर कापला जाऊ नये. आणि मुखपृष्ठावर बहुधा कडेपर्यंत भरलेलं चित्र असतं, तिथे समास शून्य. परिणामी साधन इमानदारीनं सगळ्या पुस्तकाचा शून्य समास कापतं. आज्ञा चालते, चूक दाखवत नाही, नवी फाइल तयार होते आणि ती जवळजवळ जुन्यासारखीच असते. असं झालं तर साधन बिघडलंय असं समजू नका, कुठलं तरी एक पान कडेपर्यंत भरलेलं आहे एवढंच समजा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि पूर्ण पानभर छायाचित्रं असलेली पानं यादीतून वगळा. वगळलेली पानं न कापता नव्या फाइलमध्ये तशीच येतात, हरवत नाहीत. हे आकडे फाइलमधल्या पानांचे आहेत, पानावर छापलेले नाहीत, ही गल्लतही पुष्कळदा होते.

पुस्तक संगणकावर जुळवलेलं असेल तर काम इथे संपतं. स्कॅन केलेलं असेल तर कडेला बांधणीची काळी पट्टी, धुळीचे ठिपके, कधी पान धरणाऱ्याचा अंगठाही असतो. साधनाच्या लेखी तो सगळा मजकूरच. अशी वाईट पानं मोजकी असतील तर `-m` वापरायचा:

```
pdf-crop-margins -e -m 4 --pages 5-210 -p4 0 100 0 100 -a4 -6 0 -6 0 -o vachan.pdf mool.pdf
```

म्हणजे प्रत्येक कडेला सगळ्यात कमी समास असलेली चार पानं हिशेबात धरू नका आणि पाचव्यापासून माप घ्या. आकडा चार-पाचच्या पुढे नेताना जपून. साधनाला डाग आणि अक्षर यांतला फरक कळत नाही. ज्या चार पानांकडे ते दुर्लक्ष करतं त्यांच्यावर डागाऐवजी रुंद तक्ता असला, तर तक्ता कापला जातो.

हे मी अनुभवानं शिकलो. वडिलांसाठी एक स्कॅन केलेलं पुस्तक तयार करत होतो. पानं थोडी तिरपी होती. तीन-चार मिलिमीटर जास्त मिळावेत म्हणून मी `-m` पंचवीसवर नेला, वरवर चाळून पाहिलं, ठीक वाटलं. दोन दिवसांनी वडील म्हणाले, "अरे, मध्येच अडखळायला होतंय, छपाईत चुका आहेत का यात?" त्यांच्या फोनवर ते पान उघडून पाहिलं तर ओळीच्या टोकाला 'कामा' होतं तिथे 'काम' उरलं होतं आणि 'गेली' चं 'गेल' झालं होतं. उजव्या कडेवरून जेमतेम दीड मिलिमीटर गेला होता. पण देवनागरीत ओळीच्या टोकाला बऱ्याचदा काना किंवा दुसरी वेलांटी असते. ती म्हणजे एक बारीक उभी रेघ, आणि ती गेली तरी उरलेला शब्द शब्दासारखाच दिसतो. अर्धं तुटलेलं अक्षर चटकन नजरेत भरतं, गेलेला काना भरत नाही. वाचणारा बिचारा वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहतो. तेव्हापासून उजव्या कडेला सहा पॉइंट ठेवल्याशिवाय मी फाइल कोणाला देत नाही. तुम्ही म्हणता ती गेलेली अक्षरं डोळ्यांना दिसली ती दोन असतील, तर गेलेले काने त्याहून जास्त असण्याची शक्यता आहे. म्हणून ती कापलेली फाइल बाजूला ठेवा आणि मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करा.

तपासायचं कसं, तर कडेकडेनं. नवी फाइल संगणकावर लहान चित्रांच्या रांगेत उघडा आणि मजकूर न वाचता फक्त उजवी कड बघत जा. शिरोरेषा पानाच्या कडेला टेकलेली दिसली की ते पान कापलं गेलंय. चांगल्या पानावर शिरोरेषा संपते आणि मग पांढरी फट दिसते. दोनशे पानांना पाच मिनिटं पुरतात. मापाची खात्री करायची असेल तर पॉपलर या संचातलं `pdfinfo` वापरा:

```
pdfinfo -f 7 -l 8 -box vachan.pdf
```

`CropBox` च्या ओळीत चार आकडे दिसतील, त्यांतला पहिला डाव्या कडेचा आणि तिसरा उजव्या कडेचा. वर धरलेल्या मापांप्रमाणे सातव्या पानावर ते साधारण ६७.७ आणि ३७४.५ येतील, आठव्या पानावर ४५ आणि ३५१.८. दोन्हीकडे फरक ३०७ पॉइंटच्या आसपास, म्हणजे १०८ मिलिमीटर. सम आणि विषम पानांची जागा सरकलेली पण रुंदी सारखी, असं दिसलं की काम बरोबर झालं.

स्कॅनची अवस्था फारच वाईट असेल, जवळजवळ प्रत्येक पानावर काळी पट्टी असेल, तर आपोआप शोधण्याचा नाद सोडा आणि हातानं चौकट आखा. त्यासाठी Briss मला सगळ्यात आवडतं. जावावर चालतं, दिसायला जुनाट आहे, पण त्यातली कल्पना फार सुंदर आहे. सारख्या आकाराची सगळी सम पानं ते एकावर एक ठेवून दाखवतं, विषम पानं वेगळी. शंभर पानं एकमेकांवर पडली की मजकुराचा भाग गडद करडा होतो आणि एखाद-दुसऱ्या पानावरचा डाग जवळजवळ विरून जातो. बांधणीची पट्टी मात्र वेगळी, ठळक दिसते. पट्टी आणि मजकूर यांच्या मधून चौकट ओढायची, वर-खाली सैल सोडायची, की झालं. फाइल उघडतानाच ते वगळायची पानं विचारतं, तिथे मुखपृष्ठ आणि चित्रांची पानं लिहा.

हातानं आखताना एक फसगत होते. मध्येच एखादं पान दोनदा स्कॅन झालेलं असतं किंवा एखादं सुटलेलं असतं. तिथून पुढे छापील सम पान फाइलमध्ये विषम जागी जातं आणि चौकट उलट्या पानावर बसते. अमुक एका पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीची एका बाजूची दोन-तीन अक्षरं गेलेली आणि दुसऱ्या बाजूला उगाच पांढरं, असं दिसलं की हेच झालंय. समजा, फाइलमधलं सत्त्याण्णवावं पान दुबार आहे, तर `qpdf` या वेगळ्या साधनानं तेवढं काढून टाका:

```
qpdf mool.pdf --pages . 1-96,98-z -- durust.pdf
```

इथला `z` म्हणजे शेवटचं पान. पान सुटलेलं असेल तर फाइल त्या जागी दोन भागांत तोडून, दोन्ही वेगळे कापून मग जोडावे लागतात. `-e` ची आज्ञा अशा पुस्तकात अक्षरं कापत नाही, कारण ती कमीत कमी समास धरते. पण मग सम-विषम वेगळं केल्याचा फायदाही मिळत नाही, पान ११६ वरच अडतं. म्हणजे `pdfinfo` मध्ये सातव्या आणि आठव्या पानाचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर एखादं पान दुबार किंवा गहाळ आहे का, ते शोधा.

तिरप्या पानांवर कापणं हा उपाय नाही. पान फक्त दोन अंश कललं तरी १७० मिलिमीटर उंचीच्या मजकुरात वरची ओळ आणि खालची ओळ यांत सहा मिलिमीटरचं अंतर पडतं, आणि चौकट तेवढी रुंद ठेवावीच लागते. सगळं पुस्तक असं असेल तर आधी पानं सरळ करून घ्या, मग कापा.

मूळ पान ए-४ असेल तर माझा सल्ला वेगळा असतो. २१० मिलिमीटरच्या पानावर मजकूर १५० चा असतो. छान कापलं तरी पान १५४ चं राहतं आणि ६८ च्या पडद्यावर १२ पॉइंटचं अक्षर ५.३ पॉइंटच दिसतं. उभ्या फोनवर ते वाचवत नाही, कितीही कापा. तेच पान कापून फोन आडवा धरलात तर अक्षर ११.७ पॉइंटचं, जवळजवळ छापल्याएवढं होतं, आणि न कापता आडवं धरलं तर साडेआठचं. म्हणजे ए-४ ला कापणं आणि आडवा फोन या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. दोन स्तंभांचं पान असेल तर Briss मध्ये एका पानावर दोन चौकटी ओढा. प्रत्येक चौकटीचं स्वतंत्र पान होतं आणि मग उभ्या फोनवरही चालतं.

तुम्ही वापरलेल्या अ‍ॅपची आणखी एक गोष्ट तपासून बघा. कापलेल्या फाइलमध्ये एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. मूळ फाइलमध्ये शब्द निवडला जात होता आणि आता जात नसेल, तर त्या अ‍ॅपनं पानांची चित्रं करून टाकली आहेत. फाइल फुगलेली असेल, मोठं करून पाहिलं की अक्षराची कड धूसर असेल आणि शोध चालणार नाही. वर सांगितलेली साधनं तसं करत नाहीत. ती मजकुराला हातच लावत नाहीत, फक्त पानाचा किती भाग दाखवायचा त्या चौकटीचे आकडे बदलतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या मराठी पीडीएफसाठी हे फार मोलाचं आहे. तिथे मजकूर काढून मोठ्या अक्षरात नव्यानं मांडायला गेलं की इंग्रजी अक्षरांचा खिचडा हाती येतो. चौकट बदलली तर अक्षर जसं छापलंय तसंच राहतं.

संगणक हाताशी नसेल तेव्हा अँड्रॉइडवर KOReader मध्ये पुस्तक उघडा. फाइल न बदलता, वाचतानाच कडा लपवायची सोय त्यात आहे. तिथेही आपोआपऐवजी हातानं चौकट ठरवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे पानागणिक माप बदलणार नाही.

चौकट बदलणाऱ्या पद्धतीची दुसरी बाजू मात्र ध्यानात ठेवा. कापलेला भाग फाइलमध्येच असतो, फक्त दिसत नाही. त्यामुळे फाइलचा आकार कमी होत नाही, आणि समासात कोणी पेन्सिलीनं फोन नंबर किंवा खाजगी टिपण लिहिलं असेल तर चौकट पुन्हा मोठी करून ते कोणालाही वाचता येतं. स्वतः वाचण्यासाठी त्यानं काही बिघडत नाही. पण तीच फाइल पुढे कोणाला द्यायची असेल, तर आधी मूळ पानांचे समास एकदा नजरेखालून घाला.